घरबसल्या कमाईचा कोर्स: फी भरण्याआधीचा हिशेब

(वैतरणा, सफाळे आणि केळवे रोड परिसरातल्या बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आजच्या बैठकीचा विषय तुम्हीच सुचवला. गेल्या वेळी कर्जाच्या अर्जांवर बोलत होतो तेव्हा एका गटाच्या खजिनदारबाईंनी विचारलं, की सभासदाने कोर्सची फी भरायला अंतर्गत कर्ज मागितलं तर द्यायचं की नाही? कोर्स मोबाईलवर आहे, तीन महिन्यांचा आहे, आणि नंतर महिन्याला तीस हजार मिळतील असं सांगितलंय. सगळ्याजणी गप्प झाल्या. कारण नाही म्हणावं तर आपणच एका बाईच्या शिकण्याच्या आड आल्यासारखं वाटतं, आणि हो म्हणावं तर पैसे बुडतील ही धास्ती. ह्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, पण उत्तर शोधायची एक रीत आहे. आज त्या रीतीबद्दल बोलू.

आधी जाहिरात नीट वाचू. 'घरबसल्या', 'फावल्या वेळात', 'शिक्षणाची अट नाही', 'गृहिणींसाठी खास'. ही भाषा बाईला डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिलेली आहे. जिला नवरा बाहेर पाठवत नाही, जिचं मूल लहान आहे, जिला दुपारची विरार गाडी चुकली तर पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसावं लागतं, तिला 'घरबसल्या' हा शब्द किती गोड लागतो हे जाहिरात लिहिणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. आणि फावला वेळ कोणाचा? सरकारने 2024 साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटं घरच्या बिनमोल कामात घालवतात असं आलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची मिनिटं 88. म्हणजे आपल्या दिवसातले जवळजवळ पाच तास आधीच खर्ची पडलेले आहेत. कोर्सवाला 'रोज फक्त दोन तास' म्हणतो, ते दोन तास झोपेतून काढायचे की मणी ओवायच्या कामातून, हे तो सांगत नाही.

आता हा माल विकतात कसा ते बघा. पहिली पायरी 99 रुपयांची. रविवारी दोन तासांचं ऑनलाईन व्याख्यान. त्यातला दीड तास माणूस आपली कहाणी सांगतो: मी कसा गरीब होतो, आता माझ्याकडे गाडी आहे. मग काही बायकांचे फोटो, बँकेत पैसे जमा झाल्याचे मोबाईलवरचे फोटो. शेवटच्या पंधरा मिनिटांत कोर्सची किंमत येते. 49,999 वर काट मारून खाली 24,999, बाजूला घड्याळ उलटं पळतंय, आणि 'फक्त दहा जागा शिल्लक'. जरा विचार करा. हा कोर्स आधीच चित्रित करून ठेवलेला आहे. त्याला खोली लागत नाही, बाक लागत नाहीत. दहा हजारजणींनी एकदम बघितला तरी काही फरक पडत नाही. मग जागा कसल्या संपतात? ज्या कोर्सला मुळात जागाच नाहीत तिथे जागा संपल्याचं सांगणं, ही पहिली खूण. पैसे भरल्यावरही गाडी थांबत नाही. महिन्याभरात फोन येतो, की खरी कमाई पुढच्या, मोठ्या कोर्सनंतर सुरू होते. त्याची फी पहिल्याच्या तिप्पट.

पण फसवी जाहिरात म्हणजे कोर्सच फसवा, असं नेहमी नसतं. चांगलं शिकवणारेही हल्ली असल्याच जाहिराती करतात, ही वाईट गोष्ट आहे पण खरी आहे. म्हणून जाहिरातीवर थांबू नका. एक प्रश्न विचारा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे: शिकवणाऱ्याची स्वतःची कमाई कशातून होते? तो जे शिकवतो त्यातून, की शिकवण्यातून?

शिंप्याकडे शिवण शिकलो तर तो कपडे शिवून कमावतो हे डोळ्यांना दिसतं. शिकवणीचे पैसे वरकड. इथे उलटं असतं. शेअर बाजाराचे वर्ग घ्या. रायगड जिल्ह्यात, कर्जतला 'अवधूत साठे ट्रेडिंग अकॅडमी' आहे. डिसेंबर 2025 मध्ये 'सेबी' ह्या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने तिच्याविरुद्ध आदेश काढला आणि सुमारे 546 कोटी रुपये जप्त करायला सांगितले. सेबीचं म्हणणं असं, की शिक्षणाच्या नावाखाली नोंदणी न करता गुंतवणुकीचा सल्ला दिला गेला, नफ्याचे निवडक दाखले लोकांना दाखवले गेले. हा आदेश अंतरिम होता, दुसऱ्या बाजूला आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे, म्हणून कोण दोषी हे आपण इथे ठरवणार नाही. माझा मुद्दा रकमेचा आहे. हे कोट्यवधी रुपये शिकायला आलेल्यांनी भरलेल्या फीचे आहेत. आणि ज्या धंद्याचं शिक्षण असे वर्ग विकतात त्याचं काय? सेबीनेच सप्टेंबर 2024 मध्ये 'फ्यूचर्स आणि ऑप्शन्स' ह्या सौद्यांची पाहणी प्रसिद्ध केली. 2021-22 ते 2023-24 ह्या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या शंभर सामान्य माणसांपैकी 93 जणांचं नुकसान झालं होतं. शंभरात सातजण वर येतात त्या विद्येची फी भरताना, आपण त्या सातांतल्या असू असं कोणत्या आधारावर मानायचं?

दुसरा प्रकार आणखी सरळ दिसतो आणि आणखी वाईट असतो. त्यात कोर्स घेतला की तुम्हाला एक दुवा मिळतो. तो दुसऱ्या बाईला पाठवायचा, तिने कोर्स घेतला की तुम्हाला कमिशन. म्हणजे शिकवलं काय? तोच कोर्स विकायला. 'ई-बिझ' नावाच्या नोएडाच्या कंपनीचं प्रकरण ह्याचंच. 16,821 रुपयांचं पॅकेज, त्यात संगणकाचे धडे, आणि खरी ओढ पुढे माणसं जोडण्याच्या कमिशनची. ऑगस्ट 2019 मध्ये हैदराबादजवळच्या सायबराबाद पोलिसांनी तिच्या प्रमुखाला अटक केली. पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे 17 लाखांच्या आसपास लोक आणि पाच हजार कोटी रुपये त्यात अडकले होते. संगणकाचे धडे कदाचित खरे असतीलही, पण त्या धड्यांच्या जोरावर पैसे मिळत नव्हते, खाली आणखी दोन माणसं बसवली तरच मिळत होते. आपल्या गावात हे किती चालेल? तुम्ही नणंदेला, नणंद जावेला, जाऊ शेजारणीला. वाढीव बेटावर आणि वैतरणा स्टेशनच्या आजूबाजूला मिळून घरं किती? तिसऱ्या फेरीत नवीन बाई सापडत नाही. बुडालेले पैसे एक वेळ विसरता येतात, पण नणंदेचे बुडवले हे कोणी विसरत नाही. अशा माणसं जोडण्याच्या योजनांना 1978 च्या कायद्याने बंदी आहे, आणि 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांनीही. तेव्हा 'कोर्स विकून कमवा' असं ऐकलं की पुढे हिशेब करायचीही गरज नाही, उठून यायचं.

आता उरले ते कोर्स ज्यांत खरंच काही शिकवतात. तिथे हिशेब करायचा. आपण एक करून बघू. बाईचं नाव नको, आकडे तुमच्या-माझ्या घरातले आहेत.

ही बाई बारावी झालेली, वैतरण्याला राहते, घरी मणी ओवायचं तुकडीवरचं काम करते. महिन्याला 2,200 रुपये मिळतात. तिला कोर्स सांगितलाय दुकानांची, हॉटेलांची जाहिरात मोबाईलवर करायचा. फी 24,999. पहिली गोष्ट, खाली बारीक अक्षरांत 'अधिक जीएसटी' असतं. 18 टक्क्यांनी जवळजवळ 4,500 रुपये वाढतात, फी होते 29,499. ती हप्त्याने भरायची ठरली तर बारा हप्ते, दर महिन्याला 2,458. 'व्याज नाही' म्हणतात, पण कर्ज करून देण्याचे 500 आणि त्यावरचा कर धरून 590 वेगळे. एकूण 30,089. आणि मासिक हप्ता तिच्या महिन्याच्या सगळ्या कमाईपेक्षा मोठा. तो नवऱ्याच्या पगारातून जाणार, म्हणजे शिकण्याआधीच त्याचं ऐकून घेणं सुरू.

बरं, शिकली. आता काम कोण देणार? हा प्रश्न शिकवणाऱ्याला विचारायचा नाही. जो पैसे देणार त्याला विचारायचा. आपल्या भागात हे काम कोणाला लागेल? केळव्याच्या किनाऱ्यावर घरगुती मुक्काम आणि जेवण देणारे पुष्कळ आहेत. सफाळ्याच्या बाजारात साडीचं दुकान, केकवाली. अशा पाचजणांकडे जाऊन विचारायचं: हे काम तुम्ही आज कोणाकडून करून घेता? त्याला काय देता? मी करून दिलं तर काय द्याल? बरेचजण म्हणतील, भाचाच करतो, फुकट. समजा, दोघांनी दरमहा 1,500 द्यायचं कबूल केलं. झाले 3,000. त्यातून मोबाईलच्या डेटाचे 300 वजा. हातात 2,700. तीस हजार सुटायला अकरा महिने लागले. आधी कोर्सचे तीन महिने आणि ती दोन गिऱ्हाइकं मिळवण्याचा काळ, तो वेगळा. वर्ष उलटून गेलं आणि आपण शून्यावर आलो. तीस हजार दरमहा मिळवायला अशी वीस गिऱ्हाइकं लागतील. एक बाई, एक मोबाईल, पाच तास घरकाम. होईल?

ह्याच बाईपुढे दुसरा रस्ता ठेवू. बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत शेकडो कारखाने आहेत. प्रत्येकाला बिलं नोंदवणारं माणूस लागतं, आणि त्यांचे जीएसटीचे कागद भरणारी कार्यालयं पालघर-बोईसरमध्ये आहेत. 'टॅली'वर हिशेब ठेवायला शिकवणारा स्थानिक वर्ग समजा 6,000 रुपये घेतो, तीन महिने. शिकल्यावर अशा कार्यालयात सुरुवातीला 9,000 मिळाले असं धरू. गाडीचा पास आणि रिक्षाचे 600 गेले. मुलाला शाळेतून आणून सांभाळणाऱ्या बाईचे 1,500 गेले. उरले 6,900. फी पहिल्याच महिन्यात सुटली.

तर मग टॅलीच शिका, असं मी म्हणत नाही. कारण ह्या हिशेबात एक गोष्ट आकड्यात बसत नाही: ती सकाळी आठला घर सोडणार आणि सातला येणार, तर ते पाच तासांचं घरकाम कोण करणार? घरात बोलणं झालं नसेल तर नोकरी दोन महिन्यांत सुटते आणि दोष तिच्या शिक्षणाला दिला जातो. शिवाय माझे 9,000 आणि 1,500 हे धरलेले आकडे आहेत. तुम्ही बोईसरला जाऊन विचाराल तेव्हा कमी-जास्त येतील. तेच खरे आकडे, माझे नाहीत. आणि विचारताना एक गोष्ट जरूर विचारा: मला कामावर घेण्याआधी तुम्ही काय करून बघायला सांगाल? कार्यालयातला माणूस म्हणेल, वीस बिलं नोंदवून दाखव. म्हणजे त्याला वीस बिलं चोख नोंदवणारी बाई हवी आहे, चौकटीतलं प्रमाणपत्र नकोय. मग कोर्सवाल्याला विचारता येतं: माझ्याकडून खरी बिलं नोंदवून घेणार का? चुकलं तर तपासून कोण देणार, किती दिवसांत? चित्रफीत बघणं म्हणजे शिकणं नव्हे. पोळी लाटताना दुसरीला बघून कोणाला पोळी आली आहे? चूक दाखवणारं माणूस असेल तर फीला अर्थ आहे. नसेल तर तेच धडे यूट्यूबवर मराठीत फुकट आहेत. कोर्सची अनुक्रमणिका मागून घ्या, एकेक धड्याचं नाव तिथे शोधा. दहातले आठ सापडले, तर फी कशाची हे उघड होतं.

फुकट म्हटलं म्हणून सांगते. बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत ग्रामीण भागातल्या तरुण-तरुणींना फी नसते, राहणं-जेवणही मोफत असतं. तिथे काय शिकवतात ते आधी पंचायत समितीतल्या 'उमेद'च्या माणसाला विचारावं. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' वर धडे फुकट आहेत, प्रमाणपत्र हवं तर फक्त परीक्षेची फी. तिथे घरबसल्या कमाईचं आश्वासन नसतं, म्हणून आपल्याला ते नीरस वाटतं.

हप्त्यांबद्दल आणखी थोडं, कारण आपल्या गटांना सगळ्यात जास्त धोका तिथे आहे. फोनवरची मुलगी म्हणते, 'ताई, फक्त आधार आणि ओटीपी द्या, बाकी आम्ही बघतो.' तुम्हाला वाटतं कोर्सला नाव घातलं. प्रत्यक्षात तुमच्या नावावर एका वित्त कंपनीचं कर्ज निघालेलं असतं. कंपनीने पूर्ण फी कोर्सवाल्याला देऊन टाकली, आणि तुम्ही देणेकरी कंपनीच्या. उद्या कोर्स बंद पडला, शिक्षक आलाच नाही, तरी हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, कारण ती परवानगीही तुम्हीच ओटीपीने दिलेली असते. हप्ता थकला की तुमच्या कर्जाच्या नोंदीवर डाग. मग बचत गटाच्या बँक कर्जाच्या वेळी मॅनेजर तुमचं नाव काढून ठेवतो, आणि का ते तुम्हाला कळत नाही. म्हणून कोणी आधार मागितला, की विचारायचं: हे कर्ज आहे का? कोणत्या कंपनीचं? मुख्य तथ्यांचं विवरणपत्र पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे डिजिटल कर्ज देणाऱ्याने हे पत्र द्यावंच लागतं. त्यात एकूण किती फेडायचं ते लिहिलेलं असतं. त्याच नियमांत विचार बदलायला मुदतही आहे, निदान एक दिवसाची. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार परत दिला तर दंड न लागता कर्ज रद्द होतं. मुदत इतकी लहान आहे, म्हणून रात्री अकरा वाजता घड्याळ पळत असताना ओटीपी सांगायचा नाही. सकाळी गटात विचारू म्हणा. खरा कोर्स सकाळपर्यंत पळून जात नाही.

आणि पैसे गेलेच तर? रडत बसण्याआधी कागद जमवायचे. जाहिरात, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, तीस हजारांचं आश्वासन असलेली चित्रफीत, पावती, कर्जाचं पत्र. जाहिरात लगेच काढून टाकतात, म्हणून फी भरण्याआधीच तिचा फोटो घेऊन ठेवणं शहाणपणाचं. 13 नोव्हेंबर 2024 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. नोकरीची किंवा यशाची खोटी हमी देणं आणि जागा संपत आल्याची खोटी घाई करणं, दोन्ही त्यात मना आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915. तिथे समेट झाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने एक मोठी सोय केली: कोर्सवाला दिल्लीचा असो की बंगळुरूचा, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. मात्र कोर्सच नव्हता, पैसे घेऊन नंबर बंद झाला, तर ती सरळ फसवणूक. तिथे 1930 वर सायबर पोलिसांना त्याच दिवशी, जमल्यास त्याच तासात कळवायचं. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात.

खजिनदारबाईंचा प्रश्न राहिला. माझं मत असं, की कर्ज मागणाऱ्या सभासदाला गटाने तीन गोष्टी लिहून आणायला सांगाव्यात: काम देणाऱ्या तीन माणसांचं उत्तर, एकूण फी करासकट, आणि आपल्या भागातली किंवा आपल्यासारखीच एखादी बाई, जी तो कोर्स करून वर्षभर कमावते आहे, तिच्याशी झालेलं बोलणं. ती बाई कोर्सवाल्याने फोनवर जोडून दिलेली नको, आपण शोधलेली हवी. हे आणायला आठवडा लागेल, दोघीतिघींनी मिळून जावं लागेल. ती घेऊन आली आणि आकडे जुळले तर कर्ज द्या, आणि पहिले तीन महिने हप्ता मागू नका, शिकणाऱ्या बाईला तेवढी उसंत लागते. न आणताच मागत असेल तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबवा. पुढच्या बुधवारी बोईसरला जायला कोण कोण तयार आहे त्यांनी नावं द्या. सकाळच्या डहाणू गाडीने निघू, म्हणजे कार्यालयं उघडायच्या वेळी पोचता येईल.